पारशी समाजाची घटती संख्या आणि ओळख: शोधनिबंध लिहिणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

समाजशास्त्राच्या पेपरसाठी 'छोटा धर्मसमूह' म्हटलं की मुंबई-पुण्याचे बहुतेक विद्यार्थी पारशी समाज निवडतात. समाज ओळखीचा आहे, शतकभराची जनगणना हाताशी आहे आणि कोर्टाचे निकालही भरपूर आहेत. मात्र तेच ते गैरसमज निबंधांतून पुन्हा पुन्हा येतात. सर्वांत मोठा गैरसमज असा की बाहेर लग्न करणाऱ्यांना समाज स्वीकारत नाही, म्हणून तो संपत चालला आहे. ओळखीचा वाद खरा आहे आणि संख्येची घटही खरी आहे, पण एकाच्या कारणांनी दुसऱ्याचा उलगडा पूर्ण होत नाही. सतत येणाऱ्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. एखाद्या उत्तराचा धागा दुसऱ्या प्रश्नाशी जुळत असेल, तर तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. पारशांची संख्या नेमकी किती आणि किती घटली?

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात ५७,२६४ पारशी होते. १९४१ चा आकडा १,१४,८९० होता, म्हणजे सत्तर वर्षांत संख्या निम्म्यावर आली. त्याच काळात देशाची लोकसंख्या तिपटीहून जास्त वाढली. मधले आकडे असे: १९६१ मध्ये १,००,७७२, १९७१ मध्ये ९१,२६६, १९८१ मध्ये ७१,६३०, १९९१ मध्ये ७६,३८२ आणि २००१ मध्ये ६९,६०१. शेवटच्या दहा वर्षांतली घट १२,३३७ माणसांची, म्हणजे जवळपास १८ टक्क्यांची आहे.

दोन गोष्टींची काळजी घ्या. जुन्या तक्त्यांतला आकडा फाळणीपूर्व हद्दीचा आहे की नंतरच्या, हे तपासून लिहा, कारण कराचीत पारशांची मोठी वस्ती होती. दुसरी गोष्ट, २०११ च्या मुख्य धर्मनिहाय तक्त्यात पारशी वेगळे दिसत नाहीत. 'इतर धर्म आणि पंथ' या खान्याच्या तपशिलात त्यांना शोधावं लागतं. तिथवर न पोचलेले विद्यार्थी वर्तमानपत्रातला आकडा उचलतात, आणि तो अनेकदा अंदाज असतो.

२. पारशी, इराणी आणि जरथुष्ट्री हे एकच का?

धर्म एकच आहे, इतिहास वेगळा आहे. पारशी म्हणजे हजारेक वर्षांपूर्वी इराणातून गुजरातच्या किनाऱ्यावर आलेल्या जरथुष्ट्री लोकांचे वंशज. इराणी म्हणजे मुख्यतः एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकात यझ्द, केरमान या भागांतून आलेले. मुंबई-पुण्याची इराणी हॉटेलं उभी करणाऱ्यांत हे लोक मोठ्या संख्येने होते (शिया इराणीही या धंद्यात होते, त्यांची यात गल्लत करू नका). अग्यारी म्हणजे अग्निमंदिर, नवजोत म्हणजे धर्मात घेण्याचा संस्कार, सुद्रे-कुस्ती म्हणजे अंगावरचा पवित्र सदरा आणि कमरेची दोरी, या बाबतींत पारशी आणि इराणी एकत्र आहेत आणि त्यांची आपसांत लग्नंही होतात.

निबंधात 'जरथुष्ट्री' हा शब्द धर्मासाठी आणि 'पारशी' हा समाजासाठी वापरा. हा भेद का लागतो ते प्रश्न ४ मध्ये कळेल.

३. मग संख्या घटण्याचं मुख्य कारण कोणतं?

लग्न न होणं, उशिरा होणं आणि झाल्यावर एकच मूल होणं, या क्रमाने.

पारशांचा जन्मदर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून उतरू लागला. देशातल्या इतर समाजांच्या कितीतरी आधी इथे मुली शाळा-कॉलेजांत गेल्या, नोकऱ्या करू लागल्या, शहरात स्थिरावल्या. बालमृत्यूही लवकर कमी झाले. एवढ्यापर्यंतची वाट पुढे इतर अनेक समाजांनीही धरली. पारशांची गोष्ट वेगळी झाली ती पुढच्या टप्प्यावर. आयुष्यभर अविवाहित राहणाऱ्या स्त्री-पुरुषांचं प्रमाण या समाजात इतकं मोठं आहे की भारतात त्याला तोड सापडणं कठीण आहे. जे लग्न करतात त्यांपैकी बरेच तिशीच्या आसपास करतात. मग पहिलं मूल पस्तिशीकडे झुकताना होतं आणि दुसऱ्याला वेळ उरत नाही. दर स्त्रीमागे सरासरी मुलं एकच्याही खाली गेली आहेत. पिढी टिकण्यासाठी हा आकडा २.१ च्या आसपास लागतो.

लग्नं का होत नाहीत, या प्रश्नाला एकच उत्तर नाही. मुलाखतींत पुन्हा पुन्हा तीन गोष्टी कानावर येतात: स्वतंत्र घर मिळत नाही, म्हाताऱ्या आईवडिलांना सोडता येत नाही आणि लहानपणापासून एकाच बागेत, म्हणजे पारशी वसाहतीत, वाढलेल्या मुलामुलींना एकमेकांत जोडीदार दिसत नाही. याला आणखी एक बाजू आहे. एकट्या माणसाला सांभाळून घेईल अशी संस्थांची व्यवस्था या समाजाकडे आहे: स्वस्त भाड्याचं घर, हॉस्पिटल, वृद्धांसाठी निवास, धर्मादाय निधी. जिथे म्हातारपणी मुलांशिवाय गत नसते, तिथे लग्नाचा रेटा जबर असतो. इथे तो रेटा सैल पडला, असं माझं मत आहे. निबंधात हे गृहीतक म्हणून मांडा, सिद्ध झालेली गोष्ट म्हणून मांडू नका.

आता वयाची रचना पाहा. २००१ मध्ये पारशांपैकी सुमारे ३१ टक्के लोक साठीच्या पुढचे होते आणि सहा वर्षांपर्यंतची मुलं पाच टक्क्यांहून कमी होती. अशा समाजात उद्यापासून प्रत्येक जोडप्याला दोन मुलं झाली तरी पुढची कित्येक वर्षं मृत्यू जन्मांहून जास्तच राहतील, कारण मुलं होण्याच्या वयाची माणसंच थोडी उरली आहेत.

४. पारशी कोण, हे ठरवलं कोणी?

कायद्याच्या भाषेत, मुंबई उच्च न्यायालयाने १९०८ मध्ये. दिनशा पेटिट विरुद्ध जमशेदजी जीजीभॉय या खटल्यात. निमित्त होतं रतनजी दादाभाई टाटा यांच्या फ्रेंच पत्नीचं. त्यांची नवजोत होऊन पारशी पद्धतीने लग्न लागलं होतं. धर्म स्वीकारलेल्या परक्या व्यक्तीला अग्यारी, अंत्यविधीची जागा असलेली डुंगरवाडी आणि समाजाच्या मालमत्ता सांभाळणाऱ्या बॉम्बे पारसी पंचायतीच्या निधीवर हक्क मिळतो का, असा प्रश्न उभा राहिला. न्या. दावर आणि न्या. बीमन यांच्यापुढे सुनावणी झाली. न्या. दावर स्वतः पारशी होते.

जरथुष्ट्री धर्मात बाहेरच्या माणसाला यायला मज्जाव नाही, पण हे ट्रस्ट धर्मासाठी नसून पारशी समाजासाठी केलेले आहेत, म्हणून धर्म स्वीकारला तरी ट्रस्टवर हक्क येत नाही, असं कोर्टाने ठरवलं. न्या. दावर यांनी पारशी कोण हेही सांगितलं: मूळ स्थलांतरितांचे वंशज असलेले आणि आईवडील दोघेही जरथुष्ट्री असलेले, इराणातून आलेले जरथुष्ट्री, आणि तिसरे म्हणजे पारशी बाप व परक्या आईची, रीतसर धर्मात घेतलेली मुलं.

वादाचं मूळ या तिसऱ्या वाक्यात आहे. पारशी पुरुषाने बाहेर लग्न केलं तरी त्याची मुलं पारशी, स्त्रीने केलं तर नाहीत. दाव्यात मुलांचा प्रश्न थेट नव्हता, म्हणून हे वाक्य बंधनकारक निकालाचा भाग नाही, असं सुधारणावादी गट सांगतो. व्यवहारात मात्र शंभराहून अधिक वर्षं समाजाच्या संस्था त्याच वाक्यावर चालत आल्या आहेत.

५. बाहेर लग्न केलेली पारशी स्त्री पारशी राहते की नाही?

याचं अंतिम उत्तर अजून मिळालेलं नाही, म्हणून निबंधात 'राहते' किंवा 'राहत नाही' असं ठाम लिहू नका.

पारशी विवाह आणि घटस्फोट कायदा, १९३६ हा वर-वधू दोघेही पारशी असतील तरच लागू होतो. परजातीत लग्न करायचं तर १९५४ चा विशेष विवाह कायदा हाच सरळ मार्ग आहे, आणि त्या कायद्याखाली कोणालाही धर्म सोडावा लागत नाही. तरीही गूलरुख गुप्ता यांच्या प्रकरणात गुजरात उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये बहुमताने असा निकाल दिला की लग्नानंतर स्त्री पतीच्या धर्माची झाली असं मानलं जाईल. आईवडिलांच्या अंत्यविधीला उपस्थित राहण्याचा हक्क त्या मागत होत्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठापुढे गेलं. डिसेंबर २०१७ मध्ये वलसाडच्या अंजुमनने, म्हणजे तिथल्या पारशी समाजाच्या संस्थेने, त्यांना अंत्यविधीत सहभागी होऊ देण्याची तयारी दाखवली. त्यामुळे त्यांच्यापुरता मार्ग निघाला, पण लग्नाने स्त्रीचा धर्म बदलतो का हा मूळ प्रश्न तसाच राहिला. पुढे शबरीमला प्रकरणातून निघालेल्या मोठ्या घटनात्मक प्रश्नांशी तो जोडला गेला.

गावागावांतली प्रथाही एकसारखी नाही. एका शहराची अंजुमन अशा स्त्रीला अग्यारीत येऊ देते, दुसऱ्या शहराची येऊ देत नाही. क्षेत्रअभ्यास करणार असाल, तर 'पारशी समाज असं मानतो' असं न लिहिता कोणत्या अंजुमनची रीत सांगता आहात ते लिहा.

६. अशा स्त्रियांची मुलं समाजात घेतली, तर घट थांबेल ना?

घट मंदावेल, थांबणार नाही. हे वादावादीने पटत नाही, म्हणून हिशेब करून पाहू. पुढचे आकडे समजण्यासाठी घेतलेले काल्पनिक आकडे आहेत, जनगणनेतले नाहीत.

एका पिढीत १०० पारशी स्त्रिया आणि १०० पारशी पुरुष आहेत असं समजा. दोन्हींकडे ३० जण अविवाहित राहिले, २५ जणांनी बाहेर लग्न केलं आणि उरलेल्या ४५ जणांनी आपसांत. म्हणजे ४५ पारशी जोडपी, २५ बाहेर लग्न केलेले पुरुष, २५ बाहेर लग्न केलेल्या स्त्रिया. प्रत्येक जोडप्याला सरासरी १.६ मुलं झाली. या दोनशे माणसांची जागा भरून निघायला साधारण २१० मुलं हवीत.

आईबाप दोघेही पारशी असलेलीच मुलं मोजली, तर ४५ जोडप्यांची ७२ मुलं होतात. १९०८ च्या व्याख्येप्रमाणे बाहेर लग्न केलेल्या पुरुषांची मुलंही धरली तर ७० जोडपी आणि ११२ मुलं. स्त्रियांचीही धरली तर ९५ जोडपी आणि १५२ मुलं.

७२ आणि १५२ यांतलं अंतर प्रचंड आहे, त्यामुळे व्याख्येला महत्त्व नाही असं कोणी म्हणू नये. पण १५२ सुद्धा २१० च्या बऱ्याच खाली आहे. सर्वांत उदार व्याख्या घेतली तरी पिढी टिकायला प्रत्येक जोडप्याला २.२ मुलं हवीत. सध्याच्या व्याख्येत तीन हवीत, कडक व्याख्येत साडेचारांहून जास्त. आणि हे सगळं ती मुलं मोठेपणी स्वतःला पारशी मानतील असं धरून.

तीस अविवाहितांचा आकडा तिन्ही हिशेबांत तसाच राहतो, हेही पाहा. सुधारणावादी आणि सनातनी दोघेही व्याख्येवर हिरिरीने भांडतात, पण हा आकडा दोघांच्याही हाताबाहेर आहे. तुमच्या निबंधात हे आकडे बदलून पाहा. अविवाहित ३० वरून १५ वर आणले तर काय होतं, ते स्वतः काढा. दुसऱ्याने काढलेल्या निष्कर्षापेक्षा त्यातून विषय जास्त समजेल.

७. १९८१ ते १९९१ मध्ये संख्या वाढली होती. तेव्हा काय घडलं?

बहुधा काहीच घडलं नाही. ज्या समाजात मृत्यू जन्मांहून जास्त आहेत, त्याची संख्या बाहेरून माणसं आल्याशिवाय वाढत नाही, आणि त्या दशकात पारशी बाहेर जात होते, येत नव्हते. १९७१ ते १९८१ मध्ये दिसणारी घट २१ टक्क्यांहून जास्त आहे. तीही आधीच्या दशकांच्या मानाने अचानक वाटते. दोन्ही गोष्टी एकत्र ठेवल्या की १९८१ ची मोजणी कमी पडली असावी, असं वाटतं. म्हणून कल काढताना १९७१ ते १९९१ हा एकच टप्पा धरणं सुरक्षित आहे. इतक्या छोट्या समूहात मोजणीतली काही हजारांची चूकही आलेखाला भलतंच वळण देते. 'ऐंशीच्या दशकात पारशी समाजाचं पुनरुज्जीवन' असं शीर्षक कृपया देऊ नका.

८. लोक परदेशी गेले म्हणून संख्या घटली, असं म्हणता येईल का?

काही अंशी. उत्तर अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि आखाती देशांत पारशी मोठ्या संख्येने गेले. ती माणसं भारताच्या जनगणनेतून वजा झाली, समाजातून नाही. पण जाणारे बहुतेक वीस ते पस्तीस वयाचे असतात, म्हणजे लग्न आणि मुलं होण्याचं वय तेच. एक माणूस गेला की त्याची पुढची मुलंही इथल्या हिशेबातून जातात आणि मागे राहिलेल्यांचं सरासरी वय वाढतं. निबंधात 'भारतातील पारशी' आणि 'जगातील जरथुष्ट्री' हे दोन हिशेब वेगळे ठेवा. बऱ्याच निबंधांत पहिल्याची घट सांगून दुसऱ्याच्या अंताविषयी निष्कर्ष काढलेला असतो.

९. 'जियो पारसी' योजनेचा उपयोग झाला का?

केंद्र सरकारच्या अल्पसंख्याक मंत्रालयाने ही योजना २०१३ मध्ये सुरू केली. तिचा गाभा वैद्यकीय आहे: वंध्यत्वावरच्या तपासण्या आणि उपचारांसाठी जोडप्यांना उत्पन्नाप्रमाणे आर्थिक मदत. जोडीला प्रचार-समुपदेशन आणि पुढे मुलांच्या व वृद्धांच्या देखभालीसाठीची मदत आली. पहिल्या दहा वर्षांत योजनेतून चारशेच्या आसपास मुलं जन्मली.

ज्या घरात ते मूल आलं, त्या घराला हा आकडा विचारू नये. समाजशास्त्रात मात्र तो १२,३३७ च्या घटीशेजारी ठेवावा लागतो. योजना पोचते ती लग्न झालेल्या आणि मूल हवं असलेल्या जोडप्यांपर्यंत, आणि प्रश्न ३ मध्ये पाहिलं तसं मोठी गळती त्याच्या आधीच होते. अविवाहितांना टोचणाऱ्या जाहिराती योजनेने केल्या तेव्हा समाजातूनच, विशेषतः तरुण स्त्रियांकडून, विरोध झाला. लग्न करायचं की नाही हा आमचा निर्णय आहे, समाजाच्या संख्येचं ओझं आमच्या गर्भाशयावर का, असा त्यांचा प्रश्न होता. त्या वादावर स्वतंत्र निबंध होऊ शकतो.

१०. ओळख टिकवण्यात बागांचा वाटा किती?

फार मोठा आहे, आणि अग्यारीहून कमी नसावा असं मला वाटतं. मुंबईत बॉम्बे पारसी पंचायतीकडे काही हजार घरं आहेत. खुसरू बाग, रुस्तम बाग, नेस बाग, गोदरेज बाग अशा वसाहती आणि जोडीला दादर पारसी कॉलनी. रोज संध्याकाळी मुलं जिथे खेळतात तिथे सगळेच पारशी असतात. नवजोत, लग्नं, गाहंबारची सामूहिक सणजेवणं तिथेच होतात, आणि पारशी गुजराती बोलणारी आजी शेजारच्या जिन्यात असते.

घर फक्त पारशांनाच, हा नियम कायद्यानेही टिकला आहे. अहमदाबादच्या एका जरथुष्ट्री गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये अशी उपविधी वैध ठरवली. म्हणजे 'पारशी कोण' हा प्रश्न पूजेपुरता उरत नाही. मुंबईसारख्या शहरात तो राहत्या घराचा प्रश्न होतो, आणि व्याख्येचा वाद इतका कडवट का होतो ते इथे कळतं. पंचायतीचं घर मिळायला थांबावं लागतं आणि घर मिळेपर्यंत लग्न पुढे जातं. जी व्यवस्था ओळख जपते, तीच काही जणांचं लग्न लांबवते. निबंधात या ठिकाणी रेंगाळा.

११. गिधाडं नाहीशी झाली, त्याचा ओळखीशी काय संबंध?

पारशी अंत्यविधीत मृतदेह दोखम्यात, म्हणजे वरून उघड्या गोल मनोऱ्यात, ठेवतात. अग्नी, पाणी आणि माती ही पवित्र तत्त्वं मृतदेहाने विटाळू नयेत, ही त्यामागची भावना. हे काम गिधाडं काही तासांत करत. गुरांना दिलं जाणारं डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक गिधाडांच्या मूत्रपिंडांना घातक ठरलं आणि नव्वदच्या दशकापासून भारतातली गिधाडं जवळपास संपली. गुरांसाठी या औषधावर २००६ मध्ये बंदी आली, तोवर उशीर झाला होता. मलबार हिलच्या डुंगरवाडीत मग सूर्यकिरण एकवटणाऱ्या काचा बसवल्या. पावसाळ्यात त्यांचा उपयोग होत नाही.

धर्म न सोडता रीत बदलायची तर ती कोणाच्या परवानगीने, हा प्रश्न इथे उघडा पडला. काही कुटुंबांनी दहन निवडलं. दहन झालेल्यांसाठी प्रार्थना करणाऱ्या दोन धर्मगुरूंना पंचायतीने डुंगरवाडीत विधी करायला मनाई केली. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि विश्वस्तांना असा अधिकार नाही असं २०११ मध्ये न्यायालयाने सांगितलं. २०१५ मध्ये वरळीच्या स्मशानभूमीत सर्व धर्मांसाठी खुलं असं प्रार्थनागृह झालं आणि दहन निवडणाऱ्या पारशांना चार दिवसांचे विधी करायला जागा मिळाली. बाहेर लग्न केलेल्या स्त्रियांच्या नातेवाइकांनाही तिथे सर्वांबरोबर बसता येतं. रीत बदलली तेव्हा कोणाला सामावून घ्यायचं तेही बदललं, म्हणून गिधाडांचा विषय 'पर्यावरण' या वेगळ्या प्रकरणात टाकू नका.

१२. धर्मगुरू कमी पडत आहेत, हे खरं का?

हो. धर्मगुरूपद अथोर्नान घराण्यांतल्या मुलांकडे बापाच्या बाजूने येतं. त्यासाठी नावर आणि मरताब असे दोन संस्कार पार करावे लागतात, अवेस्ता भाषेतल्या लांब प्रार्थना पाठ कराव्या लागतात. आतश बेहराम म्हणजे सर्वांत वरच्या दर्जाची अग्निमंदिरं, भारतात ती आठ आहेत: मुंबईत चार, सुरतेत दोन, नवसारी आणि उदवाडा इथे एकेक. तिथला अग्नी अखंड ठेवायचा आणि दिवसाच्या पाचही गाहांत, म्हणजे प्रहरांत, बोय द्यायची, म्हणजे अग्नीला चंदन अर्पण करायचं, म्हणजे एका माणसाचं हे काम नाही. धर्मगुरूंची मुलं बँकेत आणि सॉफ्टवेअरमध्ये जातात, विधी करणारे अनेक जण नोकरी सांभाळून करतात. इराणात २०११ मध्ये स्त्रियांना मोबेदयार, म्हणजे सहायक धर्मगुरू, म्हणून दीक्षा दिली गेली. भारतातल्या दस्तूरांनी, म्हणजे प्रमुख धर्मगुरूंनी, ती वाट धरलेली नाही.

१३. तुलनेसाठी दुसरा कोणता छोटा समाज घ्यावा?

मराठी वाचकाला जवळचे म्हणजे कोकणातले बेने इस्रायल. त्यांची भारतातली संख्या मुख्यतः इस्रायलला झालेल्या स्थलांतराने घटली. म्हणजे तिथे समाज हलला, पारशांमध्ये तो आकसला.

अधिक उपयोगाची तुलना मात्र शोमरोनी लोकांशी होईल. पॅलेस्टाईनमधल्या गेरिझीम पर्वतावर आणि इस्रायलमधल्या होलोन शहरात राहणारा हा प्राचीन समूह पहिल्या महायुद्धाच्या सुमारास दीडशेच्या आत आला होता. आज ते आठशेच्या वर आहेत. त्यांच्यातही ओळख बापाकडूनच चालते आणि बाहेर लग्न करणारी स्त्री समाजाबाहेर जाते. फरक असा की तिथे मुलं जास्त होतात, आणि पुरुष बाहेरची वधू आणू शकतो, तिने धर्म पाळला की ती समाजाची होते. नियम तितकाच पितृवंशीय असूनही संख्या वाढू शकते, म्हणून सगळा दोष एका नियमावर ठेवता येत नाही. मात्र आठशे माणसांचा समूह आणि महानगरात पसरलेला पन्नास हजारांचा समूह यांची तुलना एवढ्यावरच थांबवा.

१४. मुलाखती घेताना कोणती चूक टाळावी?

नाव बदललं म्हणजे ओळख लपली, असं समजू नका. 'दादर पारसी कॉलनीतली, बाहेर लग्न केलेली, पन्नाशीची डॉक्टर' एवढं लिहिलंत तरी समाजातला वाचक क्षणात ओळखेल ती कोण. अशा स्त्रीला पुढे आईच्या उठमण्याला, म्हणजे मृत्यूनंतरच्या प्रार्थनेला, जायचं असतं, भावाचं घर पंचायतीचं असतं. व्यवसाय, वय आणि वस्ती यांतल्या किमान दोन गोष्टी धूसर करा आणि छापण्याआधी उतारा तिला वाचायला द्या.

दुसरं, फक्त बागांतल्या लोकांना भेटलात तर सनातनी सूर जास्त ऐकू येईल, फक्त बाहेर राहणाऱ्यांना भेटलात तर उलट. दोन्हींकडे जा. अग्यारीत परजातीच्या माणसाला प्रवेश नाही, म्हणून आत सोडण्याचा आग्रह कोणालाही करू नका.

१५. बाप पारशी, आई बाहेरची, पण मुलाची नवजोत झालीच नाही. त्याला कुठे धरायचं?

१९०८ च्या व्याख्येत 'रीतसर धर्मात घेतलेली' अशी अट आहे, त्यामुळे नवजोत झाली नसेल तर संस्था त्याला धरणार नाहीत. जनगणनेत मात्र घरच्यांनी सांगितलेला धर्म लिहिला जातो, नवजोतीचा दाखला कोणी मागत नाही. म्हणून तोच मुलगा जनगणनेत पारशी आणि पंचायतीच्या नोंदीत पारशी नाही, असं होऊ शकतं. उलटही होतं. बाहेर लग्न केलेल्या स्त्रीच्या मुलाची नवजोत एखाद्या सुधारणावादी धर्मगुरूने केलेली असते, तो रोज कुस्ती बांधतो, जनगणनेत स्वतःला पारशी लिहितो आणि अग्यारीच्या दारात थांबवला जातो. पुण्यात २०१७ मध्ये अशा कुटुंबांनाही खुलं असलेलं 'आशा वहिश्त' हे केंद्र उभं राहिलं, पण ते समाजाच्या जुन्या संस्थांच्या बाहेर आहे.

दत्तक मुलांचा पेच आणखी वेगळा आहे. जन्मदात्या आईबापांचा धर्म कळत नसेल, तर सनातनी मतानुसार ते मूल पारशी होत नाही, मग घरात कितीही धर्म पाळला जावो. तुमच्या नमुन्यात अशी व्यक्ती आली तर तिला कोणत्याही एका खान्यात कोंबू नका. 'स्वतः काय म्हणते', 'घरचे काय म्हणतात' आणि 'अंजुमन काय म्हणते' असे तीन रकाने करा आणि तिन्ही भरा. हे तीन रकाने किती जणांच्या बाबतीत जुळत नाहीत, तो आकडा तुमच्या निबंधात असू द्या. जनगणनेत तो मिळत नाही.